२४ मिनिटांचं पाणी ४१ मिनिटांनी

थोरल्या भावाचं घर सिन्नर तालुक्यात, गावापासून लांब मळ्यात आहे. डिसेंबरात चार दिवस तिकडे गेलो तेव्हा वहिनींनी आल्या आल्या सांगितलं, "भाऊजी, पाणी तापवायचा रॉड थकलाय. पहाटे सव्वापाचला लावते, सहा वाजत आले तरी पाणी कोमटच." रॉड १५०० वॉटचा. त्याच्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, म्हणून त्यांनी बाजारातून तसाच नवा रॉड आणला. नव्यानंही तेवढाच वेळ घेतला. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो, त्यामुळे माझ्या मते दोन रॉड एकाच प्रकारे थकत नाहीत. दोष दुसरीकडे असणार होता. पुतणी दहावीला आहे आणि तिच्या पुस्तकात पाणी तापवण्याची उदाहरणं आहेत. हे काम मी तिलाच दिलं आणि बरोबर बसलो.

आधी हिशोबाची बाजू नीट करून घेतली. बादली वीस लिटरची, पण लिटरच्या मापानं मोजून पाणी ओतलं ते १५ लिटर, म्हणजे १५ किलो. हौदाचं पाणी १८ अंशांवर होतं. विसणासाठी ते ५० अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे वाढ ३२ अंशांची. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. हीच पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. १५ × ४.१८६ × ३२ असा गुणाकार केला की २००९ किलोज्यूल येतात. रॉड सेकंदाला १.५ किलोज्यूल देतो, तेव्हा एक थेंबही उष्णता वाया गेली नाही तर १३३९ सेकंद, म्हणजे २२ मिनिटं १९ सेकंद लागतील. यापेक्षा कमी वेळात हे पाणी तापूच शकत नाही. ही खालची मर्यादा वहीत वर लिहून ठेवायला सांगितली, आणि पुढं तिचाच उपयोग झाला.

पहिली चाचणी रात्री साडेनऊला घेतली, कारण तेव्हा शेतातले पंप बंद होते. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. बादलीवर लाकडी दांडी आडवी ठेवून रॉड तिला अडकवला, म्हणजे तो प्लॅस्टिकला टेकत नाही. बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावून ठेवला. रॉड चालू असताना २३० व्होल्ट दिसत होते. आणि खरं काम दिलं ते वीजमीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यानं. त्याच्या शेजारी 3200 imp/kWh असं छापलेलं होतं. अर्थ असा की एक युनिट जळलं की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. १५०० वॉटचा भार असेल तर ताशी दीड युनिट, म्हणजे ४८०० लुकलुकी, आणि मिनिटाला ८०. पुतणीनं घड्याळ लावून मोजलं, ८० आले. रॉडच्या प्रकृतीचा प्रश्न तिथंच संपला. जो रॉड पूर्ण व्होल्टेजला पूर्ण १५०० वॉट ओढतो तो थकलेला नाही.

वहिनींना मात्र त्या पांढऱ्या थराचा संशय होताच. म्हणून जुना रॉड लावूनही एक मिनिट मोजलं. तेही ८०. थर बसलेला रॉड लवकर जळतो हे खरं आहे, कारण थर उष्णता अडवतो आणि आतली तार जास्त तापते. पण रॉड सगळा पाण्यात बुडालेला असतो. तारेत निर्माण झालेली उष्णता जाणार कुठं? तार थोडी जास्त तापून, थर ओलांडून, ती शेवटी पाण्यातच येते. पहिलं अर्धं-एक मिनिट मागं पडेल एवढंच. थरामुळं पाणी तापायला दुप्पट वेळ लागत नाही.

पहिल्या चाचणीचा निकाल चुकीचा आला, आणि तो मुद्दाम सांगतो. २० मिनिटांनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि थर्मामीटर पाण्यात धरला. तो ५० दाखवत होता. पुतणी खूश झाली, २२ मिनिटं लागायची तिथं २०च लागली. मी म्हणालो, "कार्यक्षमता काढ." २० मिनिटांत रॉडनं १८०० किलोज्यूल दिले. पाण्यानं घेतले २००९. कार्यक्षमता ११२ टक्के! ती माझ्याकडं बघायला लागली. वहीत वर लिहिलेली खालची मर्यादा तिनंच दाखवली, "काका, हे तर होऊच शकत नाही." मग लाकडी काठीनं पाणी तळापासून ढवळलं आणि थर्मामीटर झरझर ४५च्या खाली आला. रॉडच्या वेटोळ्याखालचं पाणी गारच राहिलं होतं. गरम पाणी हलकं असल्यामुळं वर तरंगतं, आणि वेटोळं तळापासून चार बोटं वर असेल तर तेवढ्या थरापर्यंत उष्णता फार हळू पोचते. घरी प्रयोग करणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच. शंभराच्या वर कार्यक्षमता आली की आधी पाणी ढवळलं होतं का ते पाहावं. आणि ढवळायचं ते नेहमी प्लग काढल्यावर. चालू रॉडच्या बादलीत हात किंवा थर्मामीटर घालणं जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्यांदा नवं पाणी घेऊन नीट केलं. २२ मिनिटांनी प्लग काढून ढवळलं तेव्हा साडेसत्तेचाळीस अंश होते, आणखी दोन मिनिटांनी बरोबर ५०. रॉड चालला २४ मिनिटं. मीटरचे १९२० लुकलुके, म्हणजे ०.६० युनिट, म्हणजे २१६० किलोज्यूल. त्यातले पाण्यात गेले २००९. कार्यक्षमता ९३ टक्के.

पुस्तकातल्या उदाहरणात कार्यक्षमता दिलेलीच असते आणि तिनं भागून मोकळं व्हायचं असतं: २००९ ला ०.९३ नं भागा, १.५ नं भागा, १४४० सेकंद, झालं. गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण राहिलेले १५१ किलोज्यूल गेले कुठं, हे विचारल्याशिवाय पहाटेचं कोडं सुटणार नव्हतं.

ते शोधायला वेगळी चाचणी लागली नाही, बादली नुसती उघडी ठेवली. ५० अंशांचं पाणी २० मिनिटांत ४७ वर आलं. १५ किलो पाण्याचा एक अंश म्हणजे ६२.८ किलोज्यूल, तेव्हा तीन अंशांचे १८८ किलोज्यूल १२०० सेकंदांत गेले, म्हणजे साधारण १६० वॉट. हेच पाणी ३४ अंशांच्या आसपास असताना २० मिनिटांत दीडच अंश उतरलं, म्हणजे अंदाजे ८० वॉट. आणि १८ अंशांवर, खोलीही तेवढीच गार असताना, काहीच जात नाही. १८ पासून ५० पर्यंतच्या सगळ्या प्रवासाची सरासरी काढली तर ८० वॉटच्या जवळ येते. यातला मोठा वाटा वरच्या वाफेचा असतो, बाकीचा बादलीच्या बाजूंमधून जातो. २४ मिनिटं ८० वॉट म्हणजे ११५ किलोज्यूल. उरलेले ३६ बादलीचं प्लॅस्टिक आणि रॉड यांना स्वतःला तापायला लागले. बेरीज १५१. जमा-खर्च जुळला.

यातून जे हाती लागलं ते असं: गळणारी उष्णता रॉड किती वॉटचा आहे यावर ठरत नाही. ती पाणी किती गरम आहे आणि किती वेळ गरम आहे यावर ठरते. म्हणजे ९३ टक्के हा रॉडवर छापून ठेवण्यासारखा आकडा नव्हता. त्या रात्री, त्या बादलीत, त्या वेगानं पाणी तापलं म्हणून तो आला होता.

आता पहाट. दुसऱ्या दिवशी पाचला उठलो. शेतीची थ्री-फेज तेव्हा येते, आणि हे घर त्याच डीपीवर आहे. कांद्याला आणि गव्हाला पाणी सोडायला सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात. मल्टीमीटर १९० व्होल्ट दाखवत होता. पुतणीला मी आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं की व्होल्टेज १८०च्या आसपास पडलं तर किती वेळ लागेल. तिनं त्रैराशिक मांडलं होतं. २३० ला २४ मिनिटं, तर १८० ला २४ × २३० ÷ १८०, म्हणजे ३१ मिनिटं.

हे बहुतेक मुलं असंच करतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. रॉडमधली नायक्रोमची तार म्हणजे एक ठरावीक रोध आहे, आणि तापल्यावरही तो फारसा बदलत नाही. २३० व्होल्टला १५०० वॉट, तर रोध २३०² ÷ १५०० = ३५.२७ ओहम. २३० व्होल्टला त्यातून ६.५२ अँपिअर जातात. व्होल्टेज १८० झालं की करंटही उतरतो, ५.१० अँपिअर होतो. शक्ती म्हणजे या दोघांचा गुणाकार, आणि दोघंही कमी झाले आहेत. म्हणून शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते:

P = V² / R

व्होल्टेज २२ टक्क्यांनी घटलं तर शक्ती ३९ टक्क्यांनी घटते. १५०० चे ९१९ वॉट राहतात.

भावाला हे पटेना. त्याचं म्हणणं, व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, मोटारी जळतात त्या त्यामुळंच. त्याचं निरीक्षण खरं आहे, पण ते मोटारीपुरतं. चालू पंपाला ठरावीक उंचीवर ठरावीक पाणी चढवायचं असतं, ते काम व्होल्टेज पडलं म्हणून कमी होत नाही. तेवढी शक्ती मिळवायला मोटार जास्त करंट ओढते आणि तिची वाइंडिंग तापते. रॉडवर असं कुठलंच काम लादलेलं नाही. जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढाच करंट तो घेतो. कमी व्होल्टेजनं मोटार जळू शकते, रॉड जळत नाही. तो नुसता मंद होतो.

पुतणीनं आता वर्ग घेऊन गणित पुन्हा केलं, पण मल्टीमीटरवर दिसणारे १९० घेतले. शक्ती १०२४ वॉट आली आणि वेळ ३५ मिनिटं. मग आम्ही रॉड लावला. लावताक्षणी मल्टीमीटर १९० वरून १८० वर आला. तिला वाटलं आणखी कुणी पंप लावला. मी रॉड बंद केला, पुन्हा १९०. चालू केला, १८०. हे दहा व्होल्ट आपल्याच रॉडनं खाल्ले होते. डीपीपासून घरापर्यंत लांबवर आलेल्या तारांनाही रोध असतो. ५.१० अँपिअरला १० व्होल्ट पडतात म्हणजे वाटेत जवळजवळ २ ओहम आहेत. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते रॉड चालू असताना आणि त्याच बोर्डावर. रिकाम्या सॉकेटचा आकडा या गणितात उपयोगी नाही. (वाटेतला हा रोध सगळा तारांचाच आहे ना, हेही पाहावं लागतं. प्लग किंवा सॉकेट ढिलं असेल तर तोटा तिथं होतो, आणि प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो. मी हात लावून पाहिला, गारच होता.) मीटरचा दिवा मोजला, मिनिटाला ४९. ८० च्या जागी ४९. १८० चा वर्ग भागिले २३० चा वर्ग म्हणजे ०.६१२५, आणि ८० चे ०.६१२५ म्हणजे ४९.

आता उत्तर ३९ मिनिटं ११ सेकंद यायला हवं होतं. २१६० किलोज्यूल भागिले ०.९१९. आम्ही बरोबर तेवढ्या वेळानं प्लग काढला, ढवळलं, थर्मामीटर धरला. साडेअठ्ठेचाळीस. दीड अंश कमी. पुन्हा लावून ५० गाठेपर्यंत रॉड चालण्याची एकूण ४१ मिनिटं झाली.

वहिनी म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काय एवढं?" पण मला त्या दोन मिनिटांतच गंमत वाटत होती, कारण रात्रीच्या जमा-खर्चातून ती सरळ निघत होती. पाणी पहाटेही १८ पासून ५० पर्यंतच जाणार, म्हणून दर सेकंदाला सरासरी गळणारे ८० वॉट तेच. पण रात्री ते १५०० मधून वजा होत होते, पहाटे ९१९ मधून. पाण्याच्या आणि बादलीच्या वाट्याला येतात फक्त ८३९ वॉट. त्यांना हवेत २००९ अधिक ३६, म्हणजे २०४५ किलोज्यूल. भागाकार केला की २४३८ सेकंद, म्हणजे ४० मिनिटं ३८ सेकंद. पहाटेची हवा रात्रीपेक्षा गार, आणि एक-एक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर, एवढ्यात राहिलेली वीस-बावीस सेकंदं सहज बसतात. कार्यक्षमता पहाटे ८९ टक्क्यांवर आली होती. ९३ टक्के धरून गणित केलं म्हणून ते दोन मिनिटं कमी पडलं. व्होल्टेज आणखी पडून १५० झालं तर हा फरक मोठा होतो. कार्यक्षमता कायम धरली तर उत्तर ५६ मिनिटं येतं, गळती नीट धरली तर ६१.

वहिनींचा पुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला: इतका वेळ रॉड चालतो म्हणजे बिलही तितकंच वाढत असेल ना? दिव्याचे लुकलुके मोजलेले होतेच. रात्री १९२०, पहाटे सुमारे २०००. म्हणजे ०.६० युनिटच्या जागी ०.६३ युनिट. वेळ ७० टक्क्यांनी वाढला, वीज पाच टक्क्यांनी. पाण्याला हवी तेवढीच उष्णता हवी आहे, फक्त ती हळू मिळते. जास्तीचे पाच टक्के त्या वाढीव सतरा मिनिटांत वाफेबरोबर उडालेले आहेत.

मग उपाय काय, यावर चहा घेताना बरीच चर्चा झाली. भावाचं म्हणणं स्टॅबिलायझर घ्यावा. तो रॉडला २३० देईल हे खरं, पण त्यासाठी लागणारे १५०० वॉट तो त्याच तारांमधून ओढणार. वाटेतले २ ओहम धरून हिशोब केला तर घरात येणारं व्होल्टेज १८० वरून १७३च्या आसपास उतरतं आणि करंट ८.७ अँपिअर होतो, तोही स्टॅबिलायझरचा स्वतःचा तोटा न धरता. घरातला फ्रिज आणि दिवे आणखी मंदावतील. पुतणीनं सुचवलं २००० वॉटचा रॉड. तिच्याकडूनच करून घेतलं: त्याचा रोध २६.४५ ओहम, वाटेतल्या २ ओहमसह १९० व्होल्टला जोडला की रॉडवर १७७ व्होल्ट येतात आणि तो ११८० वॉट देतो. पाणी ३१ मिनिटांत तापेल. हे जमण्यासारखं आहे, पण रात्री पूर्ण व्होल्टेज असताना तोच रॉड ८.७ अँपिअर ओढेल. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, त्या जाडीची वायर आणि नीट अर्थिंग हवं. भावाच्या मोरीतला बोर्ड तसा नाही, म्हणून मी नको म्हणालो.

वहिनींनी स्वतःच दुसरा मार्ग काढला. रॉड चालू केला की मीटरकडं एक मिनिट बघायचं, आणि मग घड्याळ लावायचं. १५ लिटर आणि १८ अंशांचं पाणी असेल तोवर १९२० ला मिनिटाच्या लुकलुक्यांनी भागायचं, आणि लुकलुके साठाच्या खाली असतील तर एक-दोन मिनिटं वर धरायची. पुतणीनं मीटरच्या बाजूला खडूनं लिहून ठेवलं: ८० ला २४, ४९ ला ४१.

पुढच्या आठवड्यात थ्री-फेजची पाळी बदलली. पहाटे दोन-तीनच पंप चालू होते. पुतणीनं फोन करून सांगितलं की दिवा मिनिटाला ५६ वेळा लुकलुकला. मी तिला व्होल्टेज विचारलं नाही, तिनंच काढलं होतं: ५६ भागिले ८० म्हणजे ०.७, त्याचं वर्गमूळ ०.८३७, गुणिले २३०, म्हणजे १९२ व्होल्ट. आणि वेळ? १९२० भागिले ५६ म्हणजे ३४ मिनिटं आणि थोडी सेकंदं, वर एक मिनिट. वहिनींनी ३५ मिनिटांनी बटण बंद केलं, प्लग काढला, काठीनं ढवळलं. थर्मामीटरचा पारा ५०च्या खुणेला अर्ध्या अंशानं कमी होता.